कांदा, मिरची आणि डीएनएभोवतीचं पाणी

(वाशीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. वाशीत उभं राहून किरणांबद्दल बोलायचं, तर सुरुवात मसाल्यापासूनच व्हायला हवी. याच वाशीत अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेच्या प्रकल्पात 2000 सालापासून मसाल्यांवर गॅमा किरण सोडले जातात. मधोमध कोबाल्ट-60 चा स्रोत आणि त्याच्याभोवती फिरणारी खोकी. खोक्यांत मिरची पूड, हळद, धणे. मात्रा असते 6 ते 14 किलोग्रे; ग्रे हे वस्तूने शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप. तिकडे लासलगावला त्याच कोबाल्ट-60 समोरून कांदा जातो, मोड येऊ नयेत म्हणून. त्याला मात्रा लागते 60 ते 90 ग्रे. नुसते ग्रे, किलोग्रे नव्हेत. म्हणजे जवळजवळ शंभरपट फरक.

मसाला किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो: होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. अणूच्या बाहेरचे इलेक्ट्रॉन उडवायला ती भरपूर झाली, पण मसाल्यातल्या अणुकेंद्रांना हात लावायला पुरत नाही. आता आपल्या विषयाकडे, किरणांनी डीएनए कसा तुटतो याकडे, येऊ. या शंभरपटीतला एक मोठा वाटा पाण्याचा आहे. कांद्यात पाणी 85 टक्क्यांच्या वर, मिरची पुडीत जेमतेम दहा-बारा टक्के.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतल्या एका चित्राबद्दल माझी जुनी तक्रार आहे. डीएनएची पिळदार शिडी काढलेली असते, डावीकडून एक नागमोडी बाण येतो आणि शिडीचा दांडा तोडून उजवीकडे निघून जातो. खाली लिहिलेलं असतं, ‘किरणांमुळे डीएनएला होणारी इजा’. हे चित्र साफ खोटं आहे असं मी म्हणत नाही. असं घडतं, आणि त्यालाच प्रत्यक्ष इजा म्हणतात. पण चित्रात शिडीभोवती पांढरा कागद आहे, आणि माझा राग त्या कागदावर आहे. पेशीत शिडीभोवती कोरी जागा नसते, पाणी असतं. पेशीचं सुमारे सत्तर टक्के वजन पाण्याचं. केंद्रकाच्या वजनात डीएनए दोन-तीन टक्केच. किरण आंधळा असतो, वाटेत जे जास्त असेल त्यालाच तो जास्त वेळा लागणार. तो कागद निळा रंगवला असता, तरी मुलांना अर्धा विषय समजला असता.

त्या निळ्या भागात काय होतं ते जवळून पाहू. गॅमा किरण एका इलेक्ट्रॉनला जोराचा धक्का देतो. तो इलेक्ट्रॉन पेशीतून धावताना वाटेतल्या पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत जातो. इलेक्ट्रॉन गमावलेला पाण्याचा रेणू, म्हणजे H₂O⁺, सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्याही आत आपला एक प्रोटॉन शेजारच्या रेणूला देऊन टाकतो. शेजारी H₃O⁺ होतो आणि मागे राहतो OH. हा हायड्रॉक्सिल रॅडिकल, आपल्या गोष्टीतला मुख्य गुन्हेगार. त्याच्यावर विद्युतभार नाही, पण त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना आहे, त्यामुळे समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन तो ओढून घेतो, नाहीतर स्वतः त्याला चिकटतो. उडालेला इलेक्ट्रॉनही वेग गमावून थांबतो आणि पाण्याचे रेणू त्याच्याकडे तोंड करून त्याला घेरतात. शिवाय थोडे सुटे हायड्रोजन अणू, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. पाण्याचं हे विघटन म्हणजेच रेडिओलिसिस.

एका पेशीचा हिशोब मांडू. 8 मायक्रोमीटर व्यासाचं केंद्रक आणि 1 ग्रे मात्रा घ्या. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. त्या हिशोबाने या केंद्रकात सुमारे 17 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पडते. पाण्यात दर 100 इलेक्ट्रॉन व्होल्टमागे साधारण पावणेतीन हायड्रॉक्सिल हाती येतात. म्हणजे सगळं केंद्रक पाणीच आहे असं धरलं, तर पंचेचाळीस हजारांच्या आसपास. पण हे सगळे डीएनएपर्यंत पोचत नाहीत. पेशीत प्रथिनांची, साखरेची, इतर रेणूंची इतकी गर्दी आहे की हायड्रॉक्सिल काही नॅनोसेकंदांतच कुणावर तरी आदळून संपतो. तेवढ्यात तो फार तर सहा नॅनोमीटर सरकतो. डीएनएची जाडी 2 नॅनोमीटर. म्हणजे शिडीपासून तीन शिड्यांच्या अंतरात जन्मलेला हायड्रॉक्सिलच धोक्याचा, त्यापलीकडचा शिडीचं काही बिघडवू शकत नाही. जे पोचतात त्यांतले पाचातले चार आधारांना, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांना चिकटतात. ग्वानिनचं 8-ऑक्सोग्वानिन होतं ते असंच. पाचवा दांड्यातल्या साखरेचा हायड्रोजन खेचतो, आणि तिथे दांडा तुटू शकतो.

हे कळलं कसं? इतक्या अल्पायुषी गोष्टीला पकडलं कुणी? इथे थोडा वेळ घेतो, कारण मला या विषयातला हा सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो. 1940 च्या सुमारास मँचेस्टरला डेल नावाच्या संशोधकाने विकरांचं, म्हणजे एन्झाइमचं द्रावण क्ष-किरणांखाली ठेवलं. एकदा दाट द्रावण, एकदा पातळ, मात्रा तीच. आता पत्र्यावर गारा पडतात असं समजा. अंगणात हजार कुंड्या असतील तर पन्नास फुटतील, शंभर असतील तर पाच. टक्केवारी तीच राहील. किरण विकराच्या रेणूवर थेट आदळत असता, तर द्रावणातही असंच दिसलं असतं. उलट पंगतीत पन्नास जिलब्या वाढायच्या असतील, तर पानं हजार असोत की शंभर, जिलब्या पन्नासच जाणार. डेलना ही पंगत दिसली. द्रावण पातळ केलं तरी निकामी झालेल्या रेणूंची संख्या जवळपास तेवढीच राहिली, टक्केवारी मात्र वाढली. याचा अर्थ असा की वाढपी पाणी होतं. मात्रेनुसार पाण्यात ठरावीक रॅडिकल तयार होतात आणि जो भेटेल त्याला वाढले जातात. तेच विकर कोरडं करून किरणांखाली ठेवलं, तर पंगत मोडते आणि गारांचा नियम लागू होतो.

पेशी काही पातळ करता येत नाही. तिथे दुसरी युक्ती केली. डीएमएसओ हा द्रव हायड्रॉक्सिलला झटकन गिळतो. तो पेशींत मुरू द्यायचा, मग किरण द्यायचे. डीएमएसओ वाढवत जाल तशी इजा कमी होत जाते, पण एका पातळीला येऊन अडते. साधारण दोन तृतीयांश इजा वाचते, एक तृतीयांश काही केल्या जात नाही. क्ष-किरण आणि गॅमा किरणांसाठी अप्रत्यक्ष, म्हणजे पाण्यामार्फत होणाऱ्या, आणि प्रत्यक्ष इजेचं प्रमाण पुस्तकांत ‘दोनास एक’ म्हणतात ते इथून आलं. या आकड्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. डीएनएला अगदी बिलगून असलेल्या पाण्याच्या थरात जे घडतं, तिथे डीएमएसओ वेळेत पोचू शकत नाही. त्या थरातली इजा ‘प्रत्यक्ष’ खात्यात जमा होते. त्यामुळे दोघांमधली रेघ चित्रात दिसते तितकी ठळक नाही. अल्फा कणांसारखे दाट ऊर्जा सोडणारे कण असतील, तर अप्रत्यक्ष वाटा घटतो. खारघरला कर्करोगावर होणाऱ्या प्रोटॉन उपचारांत बहुतेक वाटेवर मात्र रसायन क्ष-किरणांसारखंच चालतं. यंत्र बदललं तरी पाणी तेच आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं राहिली. आणि ज्यासाठी बोलावलं, त्या डीएनएच्या तुटण्याबद्दल अजून बोलायचंच आहे. भरभर सांगतो.

एका पेशीत 1 ग्रेने साधारण हजार ठिकाणी एक दांडा तुटतो, आणि वीस ते चाळीस ठिकाणी दोन्ही दांडे. आता ऐका: काहीही किरण न देता, नुसत्या शरीराच्या उबेने आणि पाण्याने पेशीत रोज सुमारे दहा हजार पायऱ्या गळतात आणि पेशी त्या दुरुस्त करते. मग हजाराचं कौतुक कशाला? हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन पेशीत हजारो एकेरी तुटी घडवता येतात आणि बहुतेक पेशी जगतात. क्ष-किरणांनी तितक्याच तुटी केल्या तर मरतात. फरक घोळक्याचा आहे. इलेक्ट्रॉन जिथे ऊर्जा टाकतो तिथे काही नॅनोमीटरच्या जागेत एकदम तीन-चार रॅडिकल जन्मतात, शिवाय एखादा थेट घावही त्याच जागी बसतो. दहा पायऱ्यांच्या आत समोरासमोरचे दोन्ही दांडे तुटले की शिडीचे दोन तुकडे. एक दांडा तुटला तर समोरचा दांडा नमुना म्हणून असतो, दोन्ही गेले की नमुनाच जातो. पेशी घाईने टोकं जोडते, त्यात काही अक्षरं गळतात किंवा भलतंच टोक जोडलं जातं. जवळजवळ असलेल्या दोन बिघडलेल्या पायऱ्या दुरुस्त करायला गेलेलं विकर दोन्हीकडे काप घेतं आणि दुरुस्तीतूनच दुहेरी तूट होते, असंही घडतं.

प्राणवायूचं थोडक्यात सांगतो. साखरेवर तयार झालेल्या रॅडिकलला शेजारच्या गंधकयुक्त रेणूकडून हायड्रोजन मिळाला तर ती जखम भरते, पण आधी प्राणवायू चिकटला तर ती पक्की होते. ही शर्यत काही मिलिसेकंदांत संपते, आणि म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या कर्करोगाच्या गाठीच्या गाभ्याला तेवढाच परिणाम साधायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. आणि हो, एक्स-रे काढून आल्यावर व्हिटॅमिन सीची गोळी घ्यावी का, हेही विचारलं जातं. हायड्रॉक्सिल नॅनोसेकंदांत संपलेला असतो. त्याला अडवायचं तर अडवणारा रेणू आधीपासून, भरपूर प्रमाणात, डीएनएच्या अगदी अंगाला लागून हवा. घरी येऊन घेतलेली गोळी त्याला गाठू शकत नाही.

आता कांदा-मिरचीचं ऋण फेडतो. शंभरपट फरक सगळा पाण्याचा नाही, हे सांगायलाच हवं. कांद्यात फक्त कोंबाच्या विभाजन पावणाऱ्या पेशी थांबवायच्या असतात, आणि एवढा मोठा डीएनए असलेली पेशी थांबवायला थोड्या तुटी पुरतात. मसाल्यात जिवाणूंचे बीजाणू मारायचे असतात. त्यांचा डीएनए छोटा, म्हणजे लक्ष्य लहान, आणि बीजाणूचा गाभा मुळातच कोरडा. त्यावर भोवतालची पूडही कोरडी. अशा ठिकाणी अप्रत्यक्ष मारा जवळजवळ बंद पडतो आणि थेट घावांवरच भिस्त राहते. मग मात्रा वाढवण्याला इलाज नसतो.

पण निव्वळ पाण्याचा परिणाम पाहायचा असेल, तर कोळंबी घ्या. तीच कोळंबी, तोच जिवाणू, एकदा बर्फावर गार ठेवलेली, एकदा पूर्ण गोठवलेली. गोठवलेल्या मालात पाणी तेवढंच असतं, पण रॅडिकल बर्फात जागच्या जागी अडकतात आणि डीएनएपर्यंत सरकू शकत नाहीत. म्हणून तेवढेच जिवाणू मारायला गोठवलेल्या मालाला जास्त मात्रा द्यावी लागते. खोकं किरणांपुढून जाताना अर्धवट वितळलं असेल, तर एकाच खोक्यात वरच्या आणि मधल्या थराला मात्रा सारखी मिळूनही परिणाम वेगवेगळा येतो. मात्रामापक त्या दोन्ही थरांत एकच आकडा दाखवतो, आणि हा फरक जिवाणू मोजल्यावरच कळतो.