शाळेच्या आनंद मेळाव्यातला स्टॉल: सातशे दहाचा गल्ला, पण कमाई किती?

नमस्कार मंडळी. माझा भाचा सातवीत आहे, सांगलीला. गेल्या वर्षी शाळेचा आनंद मेळावा झाला, त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, आम्हाला नऊशे रुपये नफा झाला!" मी विचारलं, "ब्रेड कोणी आणला?" "आईनं." "बटाटे?" "ते घरातच होते." "आणि तेल?" तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

म्हणून यंदा डिसेंबरातच मी त्यांच्या चौघांच्या मागे लागले. या व्हिडिओत त्यांचा पूर्ण हिशेब दाखवते. भाव त्यांच्या वाण्याकडचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. रीत बघा.

पहिली बैठक, काय विकायचं? अर्थातच पाणीपुरी. मी म्हटलं, ठीक आहे, पण मोबाईलवर वेळ लावा आणि मला एक प्लेट खायला घाला. पुरी फोडा, भरा, बुडवा, मी खाणार, मग पुढची. सहा पुऱ्यांना अडीच मिनिटं गेली. मेळावा दहा ते एक, म्हणजे १८० मिनिटं. वाढणारा एकच असेल तर जास्तीत जास्त ७२ प्लेटा, तेही कोणी मध्ये "अजून तिखट घाल" म्हटलं नाही तर. शिवाय पाण्याची स्वच्छता कोण बघणार? पदार्थ निवडताना चव बघतातच सगळे. एका गिऱ्हाइकाला किती वेळ लागतो, हे मात्र कोणी बघत नाही, आणि रांग लागली की पोरं शेजारच्या स्टॉलवर जातात.

मग आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काहीतरी, जानेवारीची थंडी, तर दाण्याचा लाडू ठरला. दाणे मोठ्या माणसानं भाजायचे, बाकी सगळं मुलांनी. पाटीवर "यात शेंगदाणे आहेत" हे ठळक लिहायचं, कारण काही मुलांना दाण्याची ॲलर्जी असते. हा नियम आहे, यावर चर्चा नाही.

आता खर्च. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

(समोर वजनकाटा आणि पातेलं)

एकदम मोठा घाणा नाही करायचा. आधी अर्धा किलो दाण्यांचा चाचणीचा. दाणे ५०० ग्रॅम आणले, भाजून, सालं पाखडून पुन्हा काट्यावर ठेवले तर ४५५ भरले. भाजताना ओल उडते आणि सालं जातात. पैसे मात्र ५०० ग्रॅमचे दिलेत, हे विसरायचं नाही. त्यात ३०० ग्रॅम गूळ, साधा. चिकीचा नको, तो लाडवाला फार चिवट होतो. साधारण २५ ग्रॅम तूप आणि वेलदोडा. सगळं मिळून ७८० ग्रॅम. पोरांनी ठरवलं होतं पंचवीस ग्रॅमचा एक लाडू. भागाकार केला, ३१ लाडू. वहीत लिहूनही टाकलं.

वळून झाले, मोजले, तर २८.

तीन लाडू कुठे गेले? एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. थोडं मिक्सरच्या भांड्याला चिकटलं होतं, थोडं तोंडात गेलं होतं, ते कबूल झालं. पण खरा चोर काट्यावर सापडला. एकेक लाडू ठेवून बघितला: २६, २९, २७, २८. हातानं वळताना प्रत्येक लाडवात दोन-तीन ग्रॅम जास्त जात होते. मग असं ठरलं की एका चपट्या चमच्यानं मापून घ्यायचं, सत्तावीस ग्रॅमचाच करायचा, पण हिशेब २८ नगांचा धरायचा. कागदावर किती व्हायला हवेत त्याला अर्थ नाही, ताटात किती आले तेवढेच विकायला मिळणार.

आता पैसे. दाणे १६० रुपये किलो, अर्ध्या किलोचे ८०. गूळ ६० रुपये किलो, त्याचे १८. तुपाचे १६, वेलदोड्याचे ४. झाले ११८. "गॅस फुकट," भाचा म्हणाला. गॅस फुकट नसतो रे बाबा! घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडर नऊशेच्या आसपास धरला तर किलोला साधारण ६३ रुपये. मंद आचेवर वीस मिनिटं भाजायला पन्नास-साठ ग्रॅम जातो, म्हणजे चारेक रुपये. मिक्सरच्या विजेचा एक रुपया. एकूण १२३. भागिले २८, म्हणजे एका लाडवाला ४ रुपये ३९ पैसे. कागदी वाटीचे साठ पैसे मिळवले की पाच रुपये.

हाच हिशेब ३१ नगांवर केला असता तर साडेचारच्या जवळ आला असता. फरक ४३ पैशांचा. नगण्य वाटतो ना? शेवटी किती कमाई झाली ते ऐका, मग सांगा.

पाच रुपयांव्यतिरिक्त दुसरा एक खर्च असतो, जो एक लाडू विकला काय किंवा शंभर विकले काय, तेवढाच राहतो. स्टॉलचं भाडं १५० आणि कार्डशीट, मार्कर वगैरे ५०. हे २०० वेगळ्या पानावर लिहायचे. लाडवाच्या पाचात ते मिसळले की पुढे सगळा घोळ होतो.

आता चाचणी, आणि इथे पोरांनी आधी चूकच केली. ताटली घेऊन सोसायटीत फिरले. सगळ्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, किती छान!" फुकटचा लाडू हातात धरून, समोर शेजारचं पोर उभं असताना कोण म्हणेल बरा नाही झाला म्हणून? हे मत नाही, हा शेजारधर्म आहे. चाचणीत खिशातून पैसे निघायला हवेत.

म्हणून दुसरी चाचणी त्यांच्या शिकवणीत. बाईंची परवानगी घेऊन, क्लास सुटल्यावर, दहा रुपयाला एक. सोळा मुलांना विचारलं. तिघांनी घेतला. पोरं हिरमुसली. मी विचारलं, ज्यांनी नाही घेतला ते काय म्हणाले? वहीत लिहिलं होतं, कारण लिहायला सांगितलंच होतं. सात जणांच्या पुढे जवळजवळ तेच वाक्य: "लाडू काय, घरी असतोच."

म्हणजे चवीचा प्रश्न नव्हताच, भावाचाही नव्हता. घरी डब्यात असलेली वस्तू कोणी विकत घेत नाही. चौघांत एक मुलगी आहे, बोलते कमी. ती म्हणाली, "याला काडी लावू या का?" आइस्क्रीमची लाकडी काडी. मिश्रण तेच, वजन तेच, फक्त लांबट आकार, काडीला. नाव ठेवलं दाण्याची कुल्फी.

पहिल्या चार कुल्फ्या काडीवरून घसरून खाली पडल्या. गोळा करून मग काडी खुपसली होती, त्यामुळे आत पोकळी राहत होती. मग काडीभोवतीच मिश्रण दाबत नेलं, काडीचा दोन तृतीयांश भाग आत ठेवला आणि दोन तास हात लावला नाही. मग पक्क्या बसल्या. काडी चाळीस पैसे, बटर पेपरचा तुकडा वीस पैसे. वाटीचे साठ गेले, याचे साठ आले. खर्च पाचच.

शिकवणीची दुसरी तुकडी, पंधरा मुलं, भाव दहाच. नऊ जणांनी घेतली.

आता भाव. दहा की पंधरा? मैदानावर एका रविवारी पंधराला विकून बघितली, वीस जणांना विचारलं, पाच गेल्या. पुढच्या रविवारी वेगळी वीस मुलं, दहा रुपये, बारा गेल्या. पंधराला एका कुल्फीमागे दहा सुटतात, म्हणजे पाच दहे पन्नास. दहाला पाच सुटतात, बारा पाचे साठ. फरक दहा रुपयांचा आणि मुलं वीस. यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण शाळेनं सूचना दिली होती, पन्नास रुपयांच्या वर आणायचे नाहीत. पंधरा म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा जवळजवळ. शिवाय पंधराला पाचाची नाणी शोधा, तोपर्यंत मागचा गेला. दहा ठरले. त्यासाठी दहाची नाणी आणि नोटा मिळून २०० रुपयांचे सुट्टे आधीच डब्यात ठेवले.

किती करायच्या? भाचा म्हणे तीनशे, कारण मेळाव्याला मुलं तीनशे. थांब म्हटलं. तीनशे मुलं गुणिले पन्नास, सगळ्या मैदानात मिळून १५,०००. स्टॉल पंचवीस. सरासरी एका स्टॉलच्या वाट्याला ६००, म्हणजे दहाच्या साठ कुल्फ्या. पालक येतील, त्यांच्या थोड्या वर. तर चाचणीसारखे तीन घाणे, ८४. आणि दोनशेचा ठरलेला खर्च पाच-पाच रुपयांनी फेडायला ४० विकल्या पाहिजेत. एकेचाळिसावीपासून आपली कमाई.

मेळावा झाला. एक वाजता डबा उघडला, ९१०. "नऊशे दहा!" पुन्हा तोच सूर. मी हात पुढे केला, माझे सुट्ट्याचे दोनशे आधी. राहिले ७१०, म्हणजे ७१ कुल्फ्या. तेरा उरल्या. उरलेल्यांचा खर्चही झालेलाच आहे, म्हणून ८४ गुणिले ५ हे ४२०, अधिक २००, असे ६२० गेले. सुटले ९०.

आता आठवा ते ४३ पैसे. ८४ नगांवर छत्तीस रुपये होतात. ३१ चा हिशेब धरून बसले असते तर वहीत १२६ दिसले असते आणि पेटीत ९०. मग चौघांत भांडण, पैसे कोणी घेतले म्हणून.

साडेबारानंतर भाव पाचावर आणायला हवा होता का? त्या वेळी खर्च होऊन गेलेला असतो, पाच आले तरी ते वरचेच. पण साडेअकराला उतरवला असता तर दहाला घेणारेही पाचावर आले असते. शेवटची पंधरा मिनिटं, त्याआधी नाही, असं मला वाटतं. पोरांनी उतरवलाच नाही.

मी वही मिटत होते, तेवढ्यात ती कमी बोलणारी मुलगी म्हणाली, "मावशी, उरलेल्या तेरा नाहीत, अकरा आहेत. दोन तुम्ही खाल्ल्यात."

वीस रुपये काढून ठेवले. नफा ११०.