वीस मिनिटांत परिचय: मावशीशी कसं बोलायचं?

मंडळी, मे महिना संपत आला की आपल्याकडे निरोप समारंभांची रांग लागते. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली तर गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे आणि सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला एकेका कार्यालयातून चार-चार जण बाहेर पडतात. मग घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुणाला तरी सांगितलं जातं, ‘तुझं मराठी बरं आहे, परिचय लिहून दे.’ ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या बाईंना मात्र शेवटच्या आठवड्यात चार्ज द्यायचा असतो, पेन्शनचे कागद पुरे करायचे असतात. त्या म्हणतात, ‘वीस मिनिटं देते, पटकन विचार.’ या वीस मिनिटांचं काय करायचं, तो आराखडा मी आज देणार आहे.

त्याआधी एक तक्रार मांडू द्या, कारण ती मला फार लागते. निरोपाच्या दहा परिचयांतली नावं झाकली तर कोण कुणाचा हे ओळखता येत नाही. हसतमुख, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, सर्वांना सोबत घेऊन जाणाऱ्या. तीस-पस्तीस वर्षं काम केलेल्या बाईला आपण ही चार विशेषणं देतो आणि ती नेमकं काय करत होती, हे सभागृहात बसलेल्या तिच्या नातवंडांना कळतच नाही. दोष लिहिणाऱ्याच्या भाषेचा नसतो, त्याच्या प्रश्नांचा असतो. ‘तुझ्याबद्दल सांग ना’ असं विचारलं की कुणीही भलं माणूस म्हणतं, ‘काय सांगू, केली नोकरी.’ मग पानभर जागा भरायला विशेषणंच उरतात.

म्हणून पहिला प्रश्न कामाच्या एका दिवसाचा हवा. धरून चालू, मावशी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, डोंगराळ तालुक्यात. तिला विचारा, ‘मावशी, लसीकरणाच्या दिवशी तू घरातून निघून आधी कुठं जायचीस?’ ती म्हणेल, ‘प्राथमिक आरोग्य केंद्रात, लसी घ्यायला.’ ‘मग?’ ‘डबा भरायचा.’ इथं बरेच जण पुढच्या प्रश्नावर उडी मारतात. थांबा. विचारा, ‘डबा कसा भरायचा?’ आता ऐका ती काय सांगते. फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक लगेच डब्यात घालायचे नाहीत. ते बाहेर ठेवायचे, थोड्या वेळानं कानाशी धरून हलवायचे आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचे. कडक गोठलेला आइसपॅक लागून असला तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठते आणि गोठलेली लस वाया जाते. चार आइसपॅक, मध्ये लसी, वर घट्ट झाकण आणि खांद्याला पट्टा. संध्याकाळी उरलेल्या लसी परत केंद्रात.

बघा, ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द न वापरता कर्तव्यदक्ष बाई दिसली की नाही? आइसपॅक कानाशी धरून उभी असलेली मावशी सभागृहातल्या कुणाच्याही डोळ्यांपुढून हलणार नाही. यासाठी लागले दोन प्रश्न, ‘मग?’ आणि ‘कसं?’

दुसरी अडचण वर्षांची. ‘कोणत्या साली?’ असं विचारलं की माणूस अडखळतो, अंदाजे आकडा सांगतो आणि तोच छापला जातो. त्यापेक्षा सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेला धरून विचारा. ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू नोकरीत होतीस का?’ विसर्जनानंतरची ती पहाट, ३० सप्टेंबर १९९३, महाराष्ट्रात कोण विसरलंय? मावशी म्हणते, ‘नव्हते, ट्रेनिंग चालू होतं.’ ‘आणि पल्स पोलिओचा पहिला डोस दिला तेव्हा?’ ती मोहीम डिसेंबर १९९५ची. ‘तेव्हा होते की, पहिल्याच गावात होते.’ म्हणजे नोकरीची सुरुवात या दोन तारखांच्या मधली. नेमका दिवस सेवापुस्तकात मिळतो. तो तिला आधीच व्हॉट्सअपवर मागा, त्यावर मुलाखतीतलं एक मिनिटही खर्चू नका. शिक्षण, बदल्यांची गावं, पुरस्कार हेही तसंच मागवा.

तारखांचं निघालंच आहे तर सांगतो. दाखल्यावरची १ जून आणि घरात सांगितली जाणारी श्रावणातली तिथी जुळत नसेल तर परिचयात खरी-खोटी करत बसू नका. तिची पेन्शन दाखल्यावरच्या तारखेवर चालते. छापील कागदावर दुसरी तारीख नको, जन्मतारीखच गाळा. नावाचंही तेच. प्रमाणपत्रावर माहेरचं, सेवापुस्तकात सासरचं आणि गावात ‘सिस्टर’ एवढंच. कोणतं छापायचं ते तिला विचारा, काकांना नव्हे. काका शेजारी बसले असतील तर त्यांना प्रेमानं चहा करायला पाठवा, नाहीतर अर्धी उत्तरं तेच देतात आणि मावशी ‘हो ना’ म्हणत राहते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आराखडा भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिली दोन मिनिटं: रेकॉर्डिंगची परवानगी घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण फोन आला की बऱ्याच हँडसेटवर रेकॉर्डिंग थांबतं. तो टेबलावर घडी केलेल्या रुमालावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका. पंखा घरघरत असेल तर बंद करा. तिला भाजी निवडायची असेल तर निवडू द्या, हात गुंतले की माणूस मोकळं बोलतं. कुकर आणि मिक्सर मात्र नंतर.

पुढची दहा मिनिटं तो एक दिवस. त्यानंतर पाच मिनिटं अशी एक वेळ, जेव्हा नेहमीचं जमलं नाही: ओढ्याला पाणी आलं, लस संपली, आईनं बाळ द्यायला नकार दिला. ‘मग तू काय केलंस?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती थांबली तरी मनात पाच आकडे मोजा. त्या शांततेनंतर बहुतेक वेळा खरी गोष्ट येते.

शेवटची तीन मिनिटं गावांची आणि माणसांची नावं अक्षरं लावून विचारायला, आणि या प्रश्नाला: ‘यातलं काय छापू नको?’ रुग्णांची नावं ती सांगेल, ती तुम्ही स्वतःच गाळा.

रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐका. सगळं उतरवू नका. वीस मिनिटांत दोन-अडीच हजार शब्द बोलले जातात आणि तुम्हाला दीडशे हवेत, व्यासपीठावरून सव्वा मिनिटात वाचून होतील एवढे. आइसपॅकचं वाक्य पहिलं घ्या, नोकरीचा प्रवास दोन वाक्यांत, अडचणीची वेळ तीन-चार वाक्यांत. मग छापायला देण्याआधी फोनवर तिला वाचून दाखवा. ती ‘छान आहे’ म्हणाली की विचारा, ‘चुकलंय कुठं?’ बदलीच्या गावाचा क्रम बहुतेक तिथंच दुरुस्त होतो.