एक चाक ढेकळावर, बाकीची पाच जमिनीवर

(दृश्य: नांगरलेलं शेत, कॅमेरा जमिनीलगत. सहा चाकांचा छोटा रोव्हर हळूहळू येतोय.)

हे जे समोर चाललंय ना, त्यात स्प्रिंग एकही नाहीये. शॉकअब्सॉर्बर पण नाही. तरी बघा, पुढचं डावं चाक त्या ढेकळावर चढलं, चांगलं सहा सेंटिमीटर वर गेलं, आणि वरचा डबा जेमतेम एक सेंटिमीटर हलला. बाकीची पाच चाकं मातीला चिकटून.

याला म्हणतात रॉकर-बोगी. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड बिकलर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ही रचना काढली, १९९७ ला सोजर्नर हीच घेऊन मंगळावर फिरला, क्युरिऑसिटी पण यावरच, आणि आपल्या चांद्रयान-३ चा प्रज्ञान पण. माझा आहे पीव्हीसी पाइपचा.

(दृश्य: टेबलावर रोव्हरची एक बाजू, सुटी केलेली.)

ही एक बाजू. मागची दोन चाकं एका छोट्या दांडीला, ती बोगी. बोगी म्हणजे रेल्वेचा डबा नाही हं, आपण डब्यालाच बोगी म्हणतो पण खरी बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. या बोगीच्या मध्यावर पिवट, म्हणजे ती ज्यावर फिरते तो खिळा, तो पिवट एका मोठ्या दांडीच्या मागच्या टोकाला, आणि मोठ्या दांडीच्या पुढच्या टोकाला तिसरं चाक. ही मोठी दांडी म्हणजे रॉकर. आणि रॉकर स्वतः आणखी एका पिवटवर डब्याला लटकवलेला. म्हणजे काय, तर सीसॉच्या एका टोकाला दुसरा छोटा सीसॉ बसवलाय.

आता स्प्रिंग का नको ते सांगतो. स्प्रिंगवालं चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दाबली जाते आणि त्या चाकावर वजन वाढतं, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी चाकावरचं कमी होतं, आणि ते चाक नुसतं फिरत बसतं. सीसॉला या भानगडी नाहीत. टोक वर असो की खाली, दोन्हीकडचं वजन ठरतं ते फक्त पिवट कुठे आहे त्यावर. म्हणून सगळा खेळ भोक कुठे पाडायचं याचा.

आणि मी ते पहिल्यांदा चुकीच्या जागी पाडलं.

(दृश्य: वहीतलं चित्र, पेन्सिलने आकडे.)

चाकं दहा सेंटिमीटर व्यासाची, दोन चाकांमधलं अंतर १५. म्हणजे पुढचं चाक शून्यावर, मधलं १५ वर, मागचं ३० वर. बोगीचा पिवट मधल्या आणि मागच्याच्या बरोब्बर मध्ये, साडेबावीसवर. इथपर्यंत ठीक. मग मुख्य पिवट कुठे? मी म्हटलं सोप्पंय, पुढचं चाक आणि बोगीचा पिवट यांच्या मध्यावर, सव्वाअकरावर, दिसायला पण छान दिसतंय. डबा, बॅटरी वगैरे मिळून सहा किलो, म्हणजे एका बाजूला तीन. मध्यावर लटकवलं की दीड किलो पुढे आणि दीड मागे. पण पुढे चाक एक आणि मागे दोन! म्हणजे पुढच्या एकट्यावर दीड आणि मागच्या दोघांवर पाऊण पाऊण. ओल्या मातीत लगेच कळलं, पुढच्या चाकाची चाकोरी खोल, मागच्यांची नुसती नक्षी.

प्रत्येक चाकावर एक एक किलो हवा असेल तर बोगीने दोन किलो घ्यायला पाहिजेत, मग पिवट बोगीच्या बाजूला सरकवायचा, पुढच्या चाकापासून दुप्पट आणि बोगीच्या पिवटपासून एकपट. साडेबावीसचे तीन भाग केले तर पुढून १५ आणि मागून साडेसात. १५ म्हणजे कुठे? मधल्या चाकाच्या बरोब्बर वर. चाकं सारख्या अंतरावर असली की हे असंच येतं, हे कळल्यावर मला सगळा दिवस त्याच चित्राकडे बघत बसावंसं वाटलं.

एक अट आहे पण. डब्याचं गुरुत्वमध्य पण त्याच रेषेवर पाहिजे. बॅटरीमुळे ते तीन सेंटिमीटर पुढे गेलं तर पुढच्या चाकावर एकाचं एक किलो चारशे ग्रॅम होतं, मागच्या दोघांवर आठशे आठशे. तपासायचं कसं, तर किचनचा वजनकाटा एका चाकाखाली ठेवा आणि बाकी पाच चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या प्लायच्या पट्ट्या. असं सहा वेळा. बॅटरी मागेपुढे सरकवत राहा.

सुरुवातीला डबा एकच सेंटिमीटर हलला तो पण याच हिशोबाने बरं का. जे चाक सहावा हिस्सा वजन घेतं, ते जितकं उचललं जाईल त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकंच वजनाचं केंद्र वर जातं.

(दृश्य: बांधाला अडलेला रोव्हर. मधलं चाक हवेत.)

हे बघा, हा जुना व्हिडिओ. काट्यावर सगळं बरोबर आलं, अंगणात मस्त चालला, आणि बांधाला पुढची चाकं टेकली की मधलं चाक उचललं जायचं. वजन तर सारखं वाटलेलं, मग हे काय? दोन दिवस मी मोटारींना दोष देत होतो. चूक होती बोगीच्या पिवटच्या उंचीत. खाली दगड लागू नये म्हणून मी तो जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर ठेवला होता. सपाटीवर जोर फारसा लागत नाही म्हणून कळत नाही, पण पुढचं चाक अडलं की मागची दोन चाकं ढकलायला लागतात, समजा मिळून किलोभर जोर. तो जोर लागतो जमिनीवर आणि अडवणूक होते वर पिवटपाशी, मग बोगी पुढून उचलली जाणारच, घोड्यासारखी. हिशोब सोपाय, एक किलो गुणिले १२, भागिले चाकांमधलं अंतर १५, म्हणजे आठशे ग्रॅम मधल्या चाकावरून मागच्यावर गेलं. उरले दोनशे. जरासा चढ आला की तेही संपले.

पिवट सहा सेंटिमीटरवर आणला, तर चारशेच सरकतात, मधल्यावर सहाशे राहतात, आणि ते मातीला धरून राहतं. आणखी खाली नेला असता, पण चाकाचा आस पाचवर आहे, त्याखाली गेलं की दांडीच ढेकळांना अडकते.

(दृश्य: डब्यावरून आडवी गेलेली पट्टी, हाताने हलवून दाखवतात.)

ही पट्टी म्हणजे डिफरन्शियल. दोन्ही रॉकर डब्याला नुसते पिवटवर लटकवले तर डबा पुढेमागे कलंडतो, आणि पक्के बोल्ट मारले तर एक चाक अधांतरी. म्हणून मध्ये फिरणारी ही पट्टी, दोन टोकांना दोन काड्या, काड्या रॉकरला. डावा रॉकर वीस अंश वर गेला आणि उजवा सपाट राहिला, तर डबा दहा अंश. क्युरिऑसिटीच्या पाठीवर पण अशीच पट्टी दिसते. काड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट मात्र हवेतच, साधे बोल्ट लावले की ती अर्ध्यात जाम होते.

आणि जाम म्हणजे सगळंच वाया. पिवटला नट आवळून टाकू नका, नायलॉक, म्हणजे आपोआप न सुटणारा नट, लावून थोडा सैल ठेवा. टेस्ट अशी की चाक हाताने उचलायचं आणि सोडायचं, ते आपोआप खाली पडलं पाहिजे. लटकून राहिलं तर शेतातही लटकणार.

(दृश्य: पुन्हा बांध. रोव्हर चढतो. मग रिमोट पूर्ण दाबलेला.)

दहा सेंटिमीटरचा बांध, म्हणजे चाकाच्या व्यासाएवढा, चढतो, पण माती कोरडी असेल तरच. आणि आता हे बघा, फुल स्पीड. उडालं ना चाक? सीसॉ खाली यायला वेळ लागतो आणि धक्का गिळायला स्प्रिंग नाही. क्युरिऑसिटी सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास जातो, प्रज्ञान तर एकच जायचा. माझा मी आता आठवर बांधून ठेवलाय.