बीटा पितळेतला क्रम कसा ढासळतो?

नमस्कार. तांबे आणि जस्त जवळपास समसमान घेतले की तयार होणाऱ्या मिश्रधातूला बीटा पितळ म्हणतात. घन न वितळता त्याच्या आतील अणूंची मांडणी तापमानाबरोबर कशी मोडते, हे या एका मिश्रधातूवर फार स्वच्छ दिसते. म्हणून आज तेवढेच पाहू.

[पडद्यावर: घनाचे आठ कोपरे आणि मध्यबिंदू]

या धातूचे जालक म्हणजे असे घन, की ज्यांच्या कोपऱ्यांवर आणि केंद्रात अणू बसलेले आहेत. कमी तापमानाला तांब्याचे अणू कोपऱ्यांवर आणि जस्ताचे केंद्रांत असतात, कारण तांबे-जस्त ही जोडी एकाच जातीच्या जोड्यांपेक्षा कमी ऊर्जेची असते आणि अशा मांडणीत प्रत्येक अणूचे आठही शेजारी परजातीचे येतात. सुमारे ४६८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ७४१ केल्विनच्या वर मात्र कोणत्याही जागी तांबे किंवा जस्त सापडण्याची शक्यता सारखीच होते. जालक तेच राहते. त्यातील जातवार वाटणी नाहीशी होते.

ही वाटणी मोजण्यासाठी दूरपल्ल्याचे क्रम-प्राचल S वापरतात. तांब्याच्या ‘हक्काच्या’ जागांपैकी r इतक्या अंशावर खरोखर तांबे असेल, तर समसमान मिश्रणासाठी S = 2r − 1. सर्व अणू आपापल्या जागी असतील तर S एक येतो, आणि निम्मेच असतील तर शून्य.

आता गाभ्याचा प्रश्न: S हळूहळू शून्याकडे न झिजता शेवटी कोसळतो, असे का? एक तांबे आणि एक जस्त यांनी जागा बदलल्या की ऊर्जा खर्च होते. पण हा खर्च आजूबाजूला किती क्रम शिल्लक आहे यावर अवलंबून असतो. शेजारच्यांनीच जागा सोडल्या असतील, तर पुढच्या अणूला चुकीच्या जागी बसणे स्वस्त पडते. ब्रॅग आणि विल्यम्स यांनी १९३४ मध्ये हीच परस्परावलंबी गोष्ट गणितात मांडली. प्रत्येक अणूला शेजाऱ्यांची केवळ सरासरी जाणवते, असे धरले आणि ज्या क्रांतिक तापमानाला क्रम संपतो, म्हणजे वरच्या ७४१ केल्विनला, Tc म्हटले, तर T या तापमानासाठी हे समीकरण मिळते:

S = tanh(S·Tc/T)

S दोन्ही बाजूंना आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. ६६७ केल्विनला, म्हणजे Tc च्या ०.९ पटीला, उजवीकडे S = १ घालून पाहू. उत्तर ०.८० येते. तेच पुन्हा आत घातले की ०.७१, नंतर ०.६६, आणि असे करत आकडा ०.५२५ पाशी स्थिरावतो. म्हणजे r सुमारे ०.७६, तांब्याच्या जवळपास एक चतुर्थांश जागांवर जस्त घुसलेले आहे. हीच कृती Tc च्या वरच्या तापमानाला केली, तर आकडा शून्यापर्यंत घसरल्याशिवाय थांबत नाही.

प्रत्यक्षात S मोजायचा कसा? धातूवर क्ष-किरणांचा किंवा न्यूट्रॉनांचा झोत टाकला की तो ठरावीक दिशांना विखुरतो आणि विवर्तनचित्र मिळते; क्रमबद्ध मांडणीमुळे त्यात जादा शिखरे उगवतात, ज्यांना अधिजालक शिखरे म्हणतात, आणि त्यांची तीव्रता S च्या वर्गाच्या प्रमाणात असते. क्ष-किरणांना मात्र २९ इलेक्ट्रॉनांचे तांबे आणि ३० इलेक्ट्रॉनांचे जस्त जवळपास एकच दिसतात, त्यामुळे ही शिखरे अत्यंत फिकी पडतात. न्यूट्रॉन अणुकेंद्रकावरून विखुरतात आणि त्यांना या दोन धातूंतला फरक चांगला कळतो. म्हणून विश्वसनीय मोजमापे न्यूट्रॉनांनीच झाली.

या मोजमापांनी सरासरीचे गृहीतक उघडे पाडले. सिद्धांतानुसार Tc जवळ S हा (1 − T/Tc) च्या वर्गमुळासारखा घटतो. १९६७ मध्ये आल्स-नील्सन आणि डीट्रिख यांनी केलेल्या न्यूट्रॉन-मापनात हा घातांक ०.५ नव्हे, तर सुमारे ०.३०५ निघाला. याचा अर्थ असा, की आपण Tc च्या दहापट अधिक जवळ गेलो, तर सिद्धांताप्रमाणे शिखराची तीव्रता एक दशांश उरायला हवी, पण प्रत्यक्षात ती साधारण एक चतुर्थांश उरते. क्रम शेवटपर्यंत अधिक चिवटपणे टिकतो आणि मग अधिक तीव्र उतारावरून खाली येतो. (माझ्या मते ब्रॅग-विल्यम्सचे चित्र तरीही आधी शिकावे, ते चुकते कुठे, हेही त्याच्यामुळेच नेमके सांगता येते.)

चुकीचे मूळ असे, की अणूला सरासरी नव्हे, तर त्याचे स्वतःचे आठ शेजारी जाणवतात. दूरवरचा मेळ संपला, तरी त्या आठांत परजातीचे अणू निम्म्यांहून अधिकच राहतात. त्यामुळे Tc ओलांडल्यावर टोकदार शिखर नाहीसे होते, पण त्याच्या जागी एक पसरट उंचवटा उरतो, आणि तापमान आणखी वाढवत नेले की तो रुंद व फिका होत जातो. विशिष्ट उष्णतेच्या आलेखातही हेच दिसते: सिद्धांताने Tc च्या पलीकडे क्रम मोडण्यासाठीची जादा उष्णता एकदम शून्य सांगितली होती, प्रत्यक्षात मात्र तिथे एक शेपूट लोंबत राहते.