तुमच्या कार्डाचे १६ आकडे कुणाकडे असतात?

(दृश्य: पाकिटातून निघणारं नवं डेबिट कार्ड. जवळून चिप, शेजारी वक्र रेघांची खूण.)

नाशिकच्या एका शिक्षिकेच्या घरी बँकेचं नवं डेबिट कार्ड आलंय. चिपशेजारी या ज्या वक्र रेघा दिसतात, त्यांचा अर्थ असा की कार्ड मशीनला नुसतं टेकवूनही पैसे देता येतात. पण आज, पाकीट फोडल्या फोडल्या टेकवलं, तर मशीन नकार देईल. किराणा ॲपवर नंबर टाकला तरी पैसे जाणार नाहीत. दुबईच्या एटीएममध्येही ते चालणार नाही.

कार्डात बिघाड नाही. रिझर्व्ह बँकेनं १५ जानेवारी २०२० रोजी काढलेलं परिपत्रक १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. तेव्हापासून प्रत्येक नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरता येतं. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून पैसे देण्याची सोय बंद असते. ज्याला जी हवी, त्यानं ती स्वतः सुरू करायची.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. बोट ‘कार्ड मॅनेज करा’ या ओळीवर थांबतं.)

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात दोन कप्पे असतात. एक देशातल्या व्यवहारांचा, दुसरा परदेशी व्यवहारांचा. प्रत्येकात एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस म्हणजे टेकवून पैसे देणं, अशी वेगवेगळी बटणं असतात. बँकेगणिक नावं थोडी बदलतात, रचना हीच. प्रत्येक बटणाखाली रकमेची मर्यादाही घालता येते, आणि लोक नेमकं हेच करायचं विसरतात.

शिक्षिकाबाईंनी काय केलं ते पडद्यावर पाहा. देशातलं ऑनलाइन सुरू, मर्यादा ५,००० रुपये. महिन्याचा किराणा आणि वीजबिल त्यात बसतं. कॉन्टॅक्टलेस सुरू, मर्यादा १,००० रुपये. परदेशी कप्प्यातली चारही बटणं बंद. बदल जतन होताच बँकेचा मेसेज आला. हा मेसेज आलाच पाहिजे. आपण काहीही न करता असा मेसेज आला, तर कुणीतरी आपल्या खात्यात शिरलंय असं समजून लगेच बँकेला फोन लावावा. ॲप नसेल तर नेट बँकिंग, एटीएम किंवा बँकेच्या फोन सेवेवरूनही हेच करता येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा.

त्या चार बटणांपैकी परदेशी ऑनलाइनचं बटण सगळ्यात महत्त्वाचं. भारतातल्या वेबसाइटवर कार्ड वापरलं की ओटीपी येतो, कारण २००९ पासून आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला दुसरी ओळख पटवणं बंधनकारक आहे. परदेशातल्या विक्रेत्याला तो नियम लागू होत नाही. तिथे कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे दिले की काम होतं. काही ठिकाणी ते तीन आकडेही विचारत नाहीत. म्हणून चोरलेले नंबर आधी परदेशी वेबसाइटवरच चालवून पाहिले जातात. ते बटण बंद असेल तर बँक व्यवहार तिथल्या तिथे अडवते आणि खात्यातून एक रुपयाही जात नाही.

(दृश्य: मेडिकल दुकानाचा काउंटर. दुकानदार २८० रुपये टाकतो, बाई कार्ड मशीनवर धरतात. बीप.)

आता टेकवून पैसे देण्याबद्दल. दुकानदारानं आधी रक्कम टाकावी लागते, मगच मशीन कार्ड शोधायला लागतं. कार्ड चारेक सेंटिमीटरच्या आत यावं लागतं. पाच हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही. १ जानेवारी २०२१ आधी ही मर्यादा दोन हजार होती. आपण स्वतः मर्यादा हजारावर आणली, तर त्याहून मोठी रक्कम टेकवून जात नाही. अशा वेळी कार्ड मशीनमध्ये घालायचं आणि पिन टाकायचा.

टेकवताना मशीनला कार्डाचा खरा नंबर आणि मुदत मिळते. सोबत चिप त्या एका व्यवहारापुरता संकेत तयार करते. तो पुन्हा चालत नाही, त्यामुळे कुणी ही देवाणघेवाण टिपून ठेवली तरी दुसऱ्या मशीनवर तीच चालवता येत नाही. मागचे छापलेले तीन आकडे मशीनकडे जातच नाहीत. तरीही नंबर आणि मुदत एवढ्यावर माल देणारी परदेशी दुकानं आहेत, म्हणून टेकवणं सुरू असलेल्या कार्डावर परदेशी ऑनलाइन बंदच असावं.

(दृश्य: किराणा ॲप. ६४० रुपयांची ऑर्डर. कार्ड जतन करण्याच्या चौकटीत बरोबरची खूण.)

आता या छोट्याशा चौकटीकडे लक्ष द्या. कार्ड जतन करायचं का, असं ॲप विचारतंय. बऱ्याच जणांना वाटतं की इथे खूण केली म्हणजे आपला नंबर कंपनीच्या हवाली केला. पूर्वी तसंच होतं. ॲपवाले, तिकीटवाले, जेवण पोचवणारे, सगळ्यांच्या सर्व्हरवर खरे नंबर साठलेले असत, आणि एखादा सर्व्हर फुटला की सगळ्यांचे नंबर एकदम बाहेर. १ ऑक्टोबर २०२२ पासून हे बंद झालं. आता भारतात कार्ड देणारी बँक आणि रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांच्यासारखं नेटवर्क यांच्याशिवाय या साखळीतल्या कुणालाही जतन केलेल्या कार्डाचा खरा नंबर बाळगता येत नाही. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं.

मग पुढच्या वेळी नंबर न टाकता पैसे जातात कसे?

(दृश्य: ओटीपी टाकताना. त्यावर आकृती: ॲप, नेटवर्क, बँक.)

बाईंनी खूण केली, पहिल्यांदाच नंबर टाकला, ओटीपी दिला. त्याच क्षणी ॲपनं नेटवर्ककडे टोकन मागितलं. नेटवर्कनं बँकेला विचारलं, बँकेनं होकार दिला. मग नेटवर्कनं नवा नंबर तयार केला. दिसायला तो कार्डाच्या नंबरासारखाच असतो, त्यालाही स्वतःची मुदत असते. खरा नंबर आणि हे टोकन यांची जोडी नेटवर्कच्या बंदिस्त नोंदवहीत राहिली. ॲपला मिळालं ते फक्त टोकन. तुमची परवानगी आणि ओटीपी यांच्याशिवाय टोकन तयार करता येत नाही, आणि त्यासाठी ग्राहकाकडून पैसे घेता येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा भाजी मागवली. ॲपवर कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले, त्यावर बोट ठेवलं. ॲपनं टोकन आणि त्या एका व्यवहारापुरता संकेत पुढे पाठवला. नेटवर्कनं तपासलं की हे टोकन याच ॲपला दिलेलं आहे ना. मग नोंदवहीतून खरा नंबर काढून फक्त बँकेला दाखवला. बँकेनं ओटीपी मागितला, तो बरोबर आला, पैसे गेले. ॲपला खरा नंबर या सगळ्यात कुठेही दिसला नाही.

(दृश्य: तीन ॲपवर एकच कार्ड. खाली तीन वेगळे नंबर.)

टोकनाचं खरं बळ इथे आहे. एकच कार्ड तीन ॲपवर जतन केलं तर टोकनं तीन. किराणा ॲपचं टोकन तिकिटाच्या ॲपवर चालत नाही. उद्या किराणा ॲपची सगळी माहिती चोरीला गेली, तरी चोराच्या हाती पडतं ते त्या एका दुकानाशी बांधलेलं टोकन, तेही संकेताशिवाय. दुसरीकडे कुठे वापरायला गेलं की नेटवर्क ते नाकारतं. म्हणूनच भारतातल्या भरवशाच्या ॲपवर कार्ड जतन करणं, हे प्रत्येक वेळी नंबर टाकण्यापेक्षा चांगलं. टाइप करताना तो नकली पानावर जाऊ शकतो.

टोकन काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगितला, तर टोकन काही वाचवत नाही. नकली वेबसाइटवर खरा नंबर टाकला, तर तिथे टोकनाचा संबंधच नाही. परदेशी वेबसाइटवर जतन केलेल्या कार्डाला हा भारतीय नियम लागू नाही, तिथे खरा नंबर साठलेला असू शकतो.

(दृश्य: मोबाइलवर ‘व्यवहार नाकारला’ असा मेसेज.)

सगळं नीट लावूनही कधी कधी अडतं. परदेशी बटण बंद केलं आणि महिन्याच्या वर्गणीचं ॲप अडकलं, असं हमखास होतं. किंमत रुपयांत दिसते, पण कंपनी पैसे परदेशातून घेते. बँकेच्या लेखी तो परदेशी व्यवहार. बँकेच्या मेसेजमध्ये परदेशी वापर बंद असल्याचं लिहिलेलं असतं, त्यावरून ओळखता येतं. अशी वर्गणी ठेवायचीच असेल तर परदेशी ऑनलाइन सुरू ठेवून मर्यादा वर्गणीच्या जेमतेम वर आणावी. देशातलं ऑनलाइन बटण बंद केलं तर टोकनावरचे व्यवहारही थांबतात, कारण शेवटी होकार बँकच देते. आणि परदेशी जाताना नुसतं परदेशी मशीनचं बटण पुरत नाही. तिथे कार्ड टेकवायचं असेल तर परदेशी कप्प्यातलं कॉन्टॅक्टलेसही सुरू करावं लागतं. परत आल्यावर दोन्ही बंद.

कार्ड हरवलं तर मात्र बटणं बंद करून भागत नाही, कार्ड कायमचं ब्लॉक करावं लागतं. तिसऱ्याच कुणाच्या चुकीमुळे पैसे गेले असतील आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर २०१७ च्या नियमानुसार ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

(दृश्य: बँकेच्या पोर्टलवर जतन केलेल्या विक्रेत्यांची यादी. एक नाव काढून टाकलं जातं.)

बँकेनं प्रत्येक कार्डासाठी ही यादी दाखवणं बंधनकारक आहे. कोणकोणत्या विक्रेत्याकडे टोकन आहे, ते इथे दिसतं. बाईंच्या जुन्या कार्डाच्या यादीत दोन वर्षांत न उघडलेलं एक कपड्यांचं ॲप निघालं. ॲप मोबाइलवरून काढून टाकलं तरी टोकन राहतंच, ते इथून काढावं लागतं. नवं कार्ड आलं की जुन्या विक्रेत्यांशी ते जोडायचं का, हे बँक विचारते. तेव्हा सगळ्यांना एकदम होकार न देता जे लागतात तेवढेच जोडावेत. डिसेंबर २०२३ पासून तर विक्रेत्याकडे न जाता थेट बँकेतूनच नवं टोकन तयार करून घेण्याची मुभा मिळाली आहे. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये ही सोय आली असेल तर ती कार्डाच्या विभागातच, त्या बटणांच्या आसपास सापडेल.