रेझिस्टर न बदलता कटऑफ सरकतो कसा? स्विच्ड-कपॅसिटर फिल्टर, क्लॉकच्या बाजूने

(ब्रेडबोर्डचा जवळून शॉट. शेजारी ऑसिलोस्कोप.)

नमस्कार. समोर ब्रेडबोर्डवर एक लो-पास फिल्टर आहे. कटऑफ १ किलोहर्ट्झ. इनपुटला १ किलोहर्ट्झची १ व्होल्टची साइन वेव्ह दिली आहे आणि आउटपुटला साधारण ०.७ व्होल्ट मिळतोय, म्हणजे कटऑफ बरोबर जागेवर आहे.

आता मी क्लॉक देणाऱ्या आर्डुइनोच्या कोडमधल्या ७९ च्या जागी १५९ लिहितो. बस, एवढंच. बोर्डवरच्या कशालाही हात लावलेला नाही. आता तोच ०.७ व्होल्ट मिळवायला सिग्नल ५०० हर्ट्झवर आणावा लागतो. कटऑफ निम्म्यावर आला.

नेहमीच्या आरसी फिल्टरमध्ये हे करायचं तर रेझिस्टर किंवा कपॅसिटर उपसून दुसरा लावावा लागतो. इथे काय झालं ते बघू.

(बोर्डवर आकृती: एक छोटा कपॅसिटर, दोन्ही बाजूंना एकेक स्विच.)

एक छोटा कपॅसिटर घ्या, १ पिकोफॅरडचा. डावीकडचा स्विच चालू करून तो इनपुटला जोडला की तो इनपुटच्या व्होल्टेजइतका भरतो. मग डावा स्विच बंद करायचा, उजवा चालू करायचा, की तो पुढच्या इंटिग्रेटरमध्ये रिकामा होतो. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. एका पिंपातून दुसऱ्या पिंपात मापट्याने पाणी ओतण्यासारखंच. मापटं तेच असेल तर पाणी किती वेगाने जाईल हे फक्त तुमचा हात किती भरभर चालतो त्यावर ठरतं.

आता आकडे घालू. इनपुट १ व्होल्ट असेल तर १ पिकोफॅरडमध्ये प्रत्येक खेपेला १ पिकोकुलंब चार्ज मावतो. हे स्विच हलवणारा क्लॉक १०० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक लाख खेपा. सरासरी करंट झाला ०.१ मायक्रोअँपिअर. १ व्होल्टला ०.१ मायक्रोअँपिअर वाहू देणारी वस्तू म्हणजे काय? १० मेगाओहमचा रेझिस्टर! तिथे रेझिस्टर नाहीच, पण पुढच्या सर्किटला तो असल्यासारखाच भासतो. सूत्र असं:

```
R = 1 / (fclk × C1)
```

क्लॉक दुप्पट केला की खेपा दुप्पट, करंट दुप्पट, म्हणून हा भासमान रेझिस्टर निम्मा. ही कल्पना तशी जुनी आहे. भरून-रिकाम्या होणाऱ्या कंडेन्सरचा असा रेझिस्टन्स मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. चिपवर ती खऱ्या अर्थाने वापरात आली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, टेलिफोनच्या आवाजासाठी लागणाऱ्या फिल्टरमध्ये.

आता हा रेझिस्टर इंटिग्रेटरला लावू. इंटिग्रेटरच्या ऑप-अँपभोवती दुसरा, मोठा कपॅसिटर असतो. त्याला सी-२ म्हणू. इंटिग्रेटरची फ्रिक्वेन्सी ठरते आर आणि सी-२ च्या गुणाकारावर. आरच्या जागी वरचं सूत्र घातलं की हे मिळतं:

```
f0 = fclk × (C1 / C2) / (2π)
```

या ओळीवर जरा थांबा, कारण सगळं मर्म इथे आहे. सूत्रात सी-१ आणि सी-२ यांची स्वतंत्र किंमत कुठेच लागत नाही, लागतो तो फक्त त्यांचा भागाकार. चिप बनवताना सिलिकॉनवर १ पिकोफॅरड बनवायला गेलात तर तो १० ते २० टक्क्यांनी सहज चुकतो. पण शेजारीशेजारी, एकाच थरात बनलेले दोन कपॅसिटर चुकतात ते दोन्ही सारखेच. ऑक्साइडचा थर जाड पडला तर दोघांचाही जाड पडतो. तापमान वाढलं तर दोघंही सोबत सरकतात. त्यामुळे गुणोत्तर एक टक्क्याच्या आत राहतं. आणि १० मेगाओहमचा खरा रेझिस्टर चिपवर बनवायचा म्हटलं तर त्याला लागणारी जागा परवडत नाही, शिवाय तो चुकेल तो वेगळ्याच दिशेने.

कटऑफ क्लॉकच्या शंभराव्या भागावर हवा असेल तर सी-१ भागिले सी-२ हे २π भागिले १००, म्हणजे ०.०६२८ असावं लागतं. १ पिकोफॅरडसमोर १५.९ पिकोफॅरड. हे गुणोत्तर कारखान्यात कायमचं ठरून येतं. तुमच्या हातात उरतो तो क्लॉक.

(पुन्हा ब्रेडबोर्ड.)

इथे वापरलेली चिप आहे एमएफ-१०. वीस पायांची, आत दोन स्वतंत्र सेकंड-ऑर्डर फिल्टर. आपण एकच वापरतोय. सप्लाय प्लस-मायनस ५ व्होल्ट. पिन ७ आणि ८ प्लसला, १३ आणि १४ मायनसला, आणि दोन्ही सप्लायवर चिपच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड. पिन १५ हा अ‍ॅनालॉग ग्राउंड. पिन ९ म्हणजे क्लॉकची लेव्हल ठरवणारा पाय. क्लॉक ० ते ५ व्होल्टचा असल्याने तोही ग्राउंडला. पिन ६ प्लसला, पिन ५ ग्राउंडला. क्लॉक येतो पिन १० वर. न वापरलेल्या बाजूचे पिन ११ आणि १६ तरंगते सोडू नका, ग्राउंडला जोडा.

आता तीन रेझिस्टर. हो, रेझिस्टर आहेतच. "तुम्ही तर म्हणालात रेझिस्टर नकोत" असं कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. इनपुटपासून पिन ४ पर्यंत ४७ किलोओहम, पिन ३ पासून ४ पर्यंत ४७ किलोओहम आणि पिन २ पासून ४ पर्यंत ३३ किलोओहम. लो-पास आउटपुट पिन १ वर. पहिल्या दोघांचं गुणोत्तर गेन ठरवतं, इथे उणे १. तेहतीसला सत्तेचाळीसने भागलं की क्यू मिळतो, ०.७०२, म्हणजे बटरवर्थच्या ०.७०७ च्या जवळपास. कटऑफच्या आसपासचा आकार या रेझिस्टरवर अवलंबून आहे, पण तो आकार फ्रिक्वेन्सीच्या पट्टीवर कुठे बसणार हे क्लॉकच ठरवतो. म्हणूनच क्लॉक हलवल्यावर अख्खा आकार जसाच्या तसा सरकतो. साध्या सेकंड-ऑर्डर अ‍ॅक्टिव्ह फिल्टरमध्ये दोन पॉट जुळवून फिरवले तरी असं नीट होत नाही.

क्लॉक देतोय आर्डुइनो उनो, पिन ९ वरून:

```
pinMode(9, OUTPUT);
TCCR1A = _BV(COM1A0);
TCCR1B = _BV(WGM12) | _BV(CS10);
OCR1A = 79;
```

१६ मेगाहर्ट्झ भागिले २, भागिले ८०: बरोबर १०० किलोहर्ट्झ. टायमर पाय उलटापालटा करतो म्हणून ड्यूटी आपोआप ५० टक्के मिळते. ते महत्त्वाचं आहे. क्लॉकच्या दोन्ही अर्ध्या भागांत आतल्या ऑप-अँपना स्थिर व्हायला पुरेसा वेळ लागतो, आणि २०० किलोहर्ट्झच्या वर गेल्यावर तिरपी ड्यूटी दिली तर ही चिप चुकायला लागते. ७९ चे ८० केले तर क्लॉक ९८.७७ किलोहर्ट्झ होतो, म्हणजे कटऑफ साधारण १२ हर्ट्झच्या पायरीने खाली येतो.

कटऑफ अपेक्षेच्या दुप्पट येत असेल तर पिन १२ बघा. तो ग्राउंडला असेल तर गुणोत्तर १००, प्लसला असेल तर ५०. चुकून मायनसला गेला तर चिप झोपते आणि तुम्ही तासभर क्लॉक तपासत बसता.

आता या फिल्टरचा खरा डंख. कपॅसिटर इनपुट सतत बघत नाही. सेकंदाला एक लाख वेळा डोकावतो. म्हणजे हे सॅम्पलिंग झालं, आणि सॅम्पलिंग आलं की अलियासिंग आलंच. समजा जवळच्या स्विचिंग सप्लायमधून १००.३ किलोहर्ट्झची कुरबुर इनपुटवर आली. आपल्याला वाटतं, १ किलोहर्ट्झचा लो-पास आहे, ती केव्हाच मरेल. पण १०० किलोहर्ट्झच्या डोळ्याला ती ३०० हर्ट्झची दिसते. ३०० हर्ट्झ तर पासबँडमध्ये! फिल्टर तिला बिनदिक्कत पुढे पाठवतो, आणि एकदा आत आली की पुढचा कुठलाही फिल्टर तिला खऱ्या ३०० हर्ट्झपासून वेगळी काढू शकत नाही.

ओळखायचं कसं? क्लॉक किंचित हलवा. ७९ चे ८० करा. खरा सिग्नल असेल तर तो ३०० हर्ट्झवरच राहील. अलियास असेल तर उडी मारेल: १००.३ उणे ९८.७७, म्हणजे दीड किलोहर्ट्झच्या आसपास. (स्कोपवर दाखवा.) बघा, पळाला.

उपाय म्हणजे इनपुटच्या आधी एक साधा, खराखुरा आरसी: १.६ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड. त्याचा कटऑफ १० किलोहर्ट्झ. १ किलोहर्ट्झवर तो जवळपास काहीच खात नाही, १०० किलोहर्ट्झवर मात्र दहापट कमी करतो. पुढच्या ४७ किलोओहममुळे गेन तीनेक टक्क्यांनी घसरतो, तेवढं चालतं. शेवटी रेझिस्टर आणि कपॅसिटर आलेच. पण त्यांच्या किमती १० टक्के इकडेतिकडे झाल्या तरी कटऑफला धक्का लागत नाही. आउटपुटलाही असाच एक आरसी लावला तर साइन वेव्हवरच्या बारीक पायऱ्या आणि क्लॉकचे काही मिलिव्होल्टचे ठिपके पुसले जातात. इनपुट ग्राउंडला जोडून आउटपुटवर १०० किलोहर्ट्झचे टोचे दिसले, तर ते हेच ठिपके.

पण इथे एक गोम आहे. क्लॉकने कटऑफ सरकतो, हा आरसी मात्र जागचा हलत नाही. क्लॉक १० किलोहर्ट्झवर आणून कटऑफ १०० हर्ट्झ केलात, तर धोक्याचा पट्टा १० किलोहर्ट्झच्या आसपास येतो, आणि तिथे आपला आरसी सिग्नल फक्त ०.७ पटीवर आणतो. म्हणजे राखणदार असून नसल्यासारखा. उलट बाजूला कटऑफ ५ किलोहर्ट्झ केला, तर तोच आरसी पासबँडच्या वरच्या टोकाला कुरतडायला लागतो. या जोडणीत आरामात फिरायचं तर कटऑफ साधारण ५०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ एवढाच ठेवा, म्हणजे कोडमध्ये १५९ ते ३९. त्यापलीकडे जायचं असेल तर दोन-तीन वेगवेगळे कपॅसिटर ठेवून, क्लॉकचा पट्टा बदलताना अ‍ॅनालॉग स्विचने तेही बदलायचे.