पहिले तीन सेकंद: ‘हर हर महादेव’ की ‘इथे नंदी नाही’?

(कॅमेऱ्यासमोर. मागे रामकुंड, संध्याकाळची वेळ. बोलणं थेट सुरू.)

ही बघा रील. तीस सेकंदांची. रामकुंडाच्या समोर, पायऱ्या चढून वर गेलं की कपालेश्वर लागतं, त्या मंदिराची. आता हीच रील परत दाखवतो.

(दोन्ही रिल्सचे पहिले तीन सेकंद शेजारी शेजारी.)

चित्र तेच, पायऱ्या त्याच, घंटा तीच, आवाजही माझाच. फरक फक्त वाक्याचा. डावीकडे मी म्हणतोय, “हर हर महादेव! आज आपण आलोय कपालेश्वराला.” उजवीकडे म्हणतोय, “या महादेवाच्या पुढ्यात नंदीच नाही!” तिसऱ्या सेकंदानंतर पुढचे सत्तावीस सेकंद अगदी एकसारखे. यातलं कुठलं वाक्य माणसाला थांबवतं, ते आम्ही मोजलं. आणि पहिल्या खेपेला सपशेल चुकीचं मोजलं.

चूक अशी झाली. ‘हर हर महादेव’वाली रील सोमवारी सकाळी टाकली, नंदीवाली मंगळवारी. सोमवारची जोरात चालली. आम्ही खूश, नमस्काराची सुरुवातच भारी! मग आई चहा देता देता म्हणाली, “अरे, सोमवारी लोक महादेव बघणारच ना.” संपलं. आम्ही वाक्य मोजतच नव्हतो, वार मोजत होतो.

त्यात आणखी एक गोम होती. दोन्ही वेळा आधी आमचे फॉलोअर्सच बघत होते. आता माझी आत्या मी काहीही टाकलं तरी शेवटपर्यंत बघते, वर हात जोडलेला इमोजी टाकते. आत्या थांबली म्हणून सुरुवात चांगली, असं नाही म्हणता येत. शिवाय मंगळवारी त्याच लोकांना तीच गोष्ट दुसऱ्यांदा दिसली. दुसऱ्यांदा कोण थांबेल?

म्हणून दुसऱ्या खेपेला इन्स्टाग्रामचं Trial वापरलं. प्रोफेशनल अकाउंट असेल तर रील टाकताना हा पर्याय दिसतो. तो चालू केला की रील आधी फक्त अशा लोकांना दाखवली जाते, जे तुम्हाला फॉलो करत नाहीत. म्हणजे आत्या बाहेर. दोन्ही रिल्स एकाच संध्याकाळी, पाच मिनिटांच्या अंतराने टाकल्या. कॅप्शन, कव्हर, हॅशटॅग सगळं सारखं. एक काळजी मात्र घ्या. पहिल्या ७२ तासांत रील चांगली चालली तर ती आपोआप सगळ्यांना दाखवा, असा एक पर्याय तिथेच असतो. तो बंद ठेवा. नाहीतर दोघींपैकी एक मध्येच फॉलोअर्सकडे जाते आणि तिच्या आकड्यात आत्या परत येते.

मग वाट बघायची. हे सगळ्यांत अवघड काम.

रात्री मित्राचा फोन आला, “नंदीवाली पडली रे, काढून टाक.” बघितलं तर दोन्हीकडे जेमतेम साठ-साठ व्ह्यूज. Skip rate, म्हणजे पहिल्या तीन सेकंदांतच किती टक्के व्ह्यूज पुढे सरकवले गेले, तो आकडा नमस्काराचा ३५ आणि नंदीचा ४०. पाच टक्क्यांचा फरक. पण साठ व्ह्यूजमध्ये पाच टक्के म्हणजे तीन अंगठे हो! कुणाची बस आली, कुणाला आईने हाक मारली, झाले तीन. इतक्या कमी व्ह्यूजवर नुसत्या योगायोगाने पंधरा-सतरा टक्क्यांचाही फरक पडू शकतो. दोन्हीकडे नऊशेच्या आसपास व्ह्यूज झाले, की योगायोगाचा हा खेळ साधारण पाच टक्क्यांच्या आत येतो. म्हणून आम्ही ठरवलं, नऊशेच्या आधी कुणी बोलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तिथे पोचलो. नमस्कारवाली सोडून गेले ४६ टक्के, नंदीवाली सोडून गेले ३१. पंधराचा फरक, म्हणजे योगायोगाच्या बाहेर. आणि पहिल्या रात्रीच्या बरोबर उलटा!

कारण मला असं वाटतं. ‘हर हर महादेव’ ऐकून माणूस मनातल्या मनात ‘हर हर महादेव’ म्हणतो, आणि सरकवतो. त्याचं दर्शन झालं! काही राहिलंच नाही. ‘नंदी नाही’ म्हटल्यावर मात्र, ज्याने आयुष्यभर आधी नंदीला हात लावून मग पिंडी बघितली, तो अडकतो. नाही म्हणजे काय? का नाही?

इथेच व्हिडिओ संपवणार होतो. पण मित्राने रिटेन्शनचा आलेख उघडला. कुठल्या सेकंदाला किती लोक उरलेत, ती उतरती रेघ.

(आलेख. बोट चौथ्या सेकंदावर.)

तिसऱ्या सेकंदाला नंदीवाली ६९ वर, नमस्कारवाली ५४ वर. आता दहावा सेकंद बघा. ४० आणि ३८. जवळजवळ सारख्याच! म्हणजे जे जास्तीचे लोक थांबवले, ते सात सेकंदांत निघून गेले. नुसता पहिला आकडा बघितला असता तर पेढे वाटले असते.

मग रील परत बघितली, आणि शरमच वाटली. वाक्य म्हणतं नंदी नाही. त्यानंतर चार सेकंद काय दिसतं? गोदावरी. सावकाश, डावीकडून उजवीकडे. मला फार आवडलेला शॉट, पहाटे उठून काढलेला. पण ज्याला नंदीचं विचारलंय, त्याला नदी दाखवली. तो गेला. नमस्कारवालीत हाच शॉट कुणाला खुपत नव्हता, कारण तिथे कुणाला उत्तर नकोच होतं.

तिसरी रील बनवली. सुरुवात नंदीचीच, पण चौथ्या सेकंदाला लगेच गोष्ट: ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक तोडल्याचं पाप शंकराला लागलं, ते कसं जाईल हे एका वासराने दाखवलं, रामकुंडात स्नान कर. ते वासरू म्हणजे नंदी. शंकराने त्याला गुरू मानलं, आणि गुरूला आपल्या समोर कसं बसवायचं? नदीचा शॉट आता ‘रामकुंडात स्नान’ या शब्दांवर. चारऐवजी दीड सेकंद. काळजावर दगड ठेवून कापला.

ही जुन्या नंदीवालीसोबत पुन्हा ट्रायलला टाकली, पुन्हा नऊशेपर्यंत थांबलो. तिसऱ्या सेकंदाला दोघी सारख्या, सत्तरच्या आसपास. ते बरोबरच आहे, सुरुवात एकच आहे. दहाव्या सेकंदाला मात्र जुनी ४१ आणि नवी ५५.

मधे एकाने सुचवलं होतं, “मंदिरातून नंदी गायब, असं म्हण ना, अजून थांबतील.” थांबतील, हो. आणि खाली शिव्याही घालतील, कारण गायब काहीच झालेलं नाही. देवाच्या रीलवर मी ते करणार नाही.

सरासरी किती वेळ बघितलं, त्या आकड्यावरही फार जाऊ नका. भक्तीची रील लोक लावून ठेवतात, ती आपोआप फिरत राहते आणि दहा जणांमुळे सरासरी फुगते. त्यापेक्षा तिसरा आणि दहावा सेकंद बघा.

राहता राहिली आईची तक्रार. “देवाचं नाव न घेता सुरुवात करतोस?” म्हणून ‘हर हर महादेव’ शेवटी नेलं, तिसाव्या सेकंदाला. तिथून रील पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत देवाचं नावच आधी येतं. आईला हे पटलंय. आत्याला अजून कळलेलं नाही, पण हात जोडलेला इमोजी आलाय.